छोट्या टेम्पोच्या ड्रायव्हरची मुलाखत: समोर बसणारा माणूस नेमकं काय तपासतो

प्रश्न: दादा, माझं लायसन्स नुसतं एलएमव्हीचं आहे, ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही. तीन वर्षं गावाकडे मालकाची बोलेरो चालवली. आता पुण्यात छोट्या टेम्पोवर डिलिव्हरीच्या कामासाठी सोमवारी मुलाखत आहे. लायसन्सवरून नाकारतील का? रस्त्यांबद्दल, गाडी जपून चालवण्याबद्दल आणि भांडखोर गिऱ्हाइकांबद्दल विचारतात म्हणे, तर काय सांगायचं?

उत्तर: मी क्लीनर म्हणून सुरुवात केली, अकरा वर्षं स्वतः टेम्पो चालवला. गेली नऊ वर्षं पुण्यात एका वाहतूक कंत्राटदाराकडे गाड्या लावायचं काम करतो, त्यामुळे ड्रायव्हर निवडायला टेबलाच्या पलीकडे मीच बसलेला असतो. त्या बाजूने सांगतो.

आधी लायसन्स, कारण तुमची काळजी तीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हा विषय निकाली काढला. गाडीचं मालासकट एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल, तर एलएमव्ही लायसन्सवर मालवाहू गाडीही चालवता येते, त्यासाठी वेगळ्या ट्रान्सपोर्ट शिक्क्याची गरज नाही. छोटा हत्ती काय किंवा पिकअप काय, या मर्यादेच्या खूप आत बसतात. म्हणजे कायद्याने तुम्ही मोकळे आहात. तरी काही मालक शिक्का मागतात. कुणाला हा निकाल माहीत नसतो, तर कुणाचा ज्या कंपनीशी करार असतो तिनेच तशी अट घातलेली असते. अशा ठिकाणी वाद घालत बसू नका. ‘साडेसात टनांच्या आत एलएमव्ही चालतं असा निकाल आहे, पण तुमचा नियम असेल तर मी शिक्क्यासाठी अर्ज करतो’ एवढंच म्हणा. आणखी एक गोंधळ नेहमीचा आहे, तो बिल्ल्याचा. बिल्ला प्रवासी गाड्यांसाठी असतो, मालाच्या टेम्पोला लागत नाही. कुणी विचारलं तर घाबरून ‘काढतो’ म्हणू नका.

लायसन्स हातात आलं की मी पहिल्यांदा मुदत बघतो. गेल्या वर्षी एक चांगला, हात बसलेला मुलगा आला होता. त्याची मुदत संपून बारा दिवस झाले होते आणि तो ठामपणे सांगत होता की महिनाभर सवलत असते. पूर्वी तशी होती. २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. आता मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन्स चालवताय असंच धरतात, आणि त्या काळात अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. नूतनीकरण मात्र सोपं आहे. मुदतीच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो, संपल्यावर वर्षाच्या आत केला तरी चालतो. वर्ष उलटलं की पुन्हा ट्रायल द्यावी लागते. त्या मुलाला मी परत पाठवलं, तो नूतनीकरण करून तीन आठवड्यांनी आला आणि आज आमच्याकडेच आहे. सोमवारच्या आधी तुमची तारीख नीट बघून घ्या.

लायसन्सच्या क्रमांकातच बरंच काही असतं. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढचे दोन आकडे आरटीओचे, त्यानंतरचे चार आकडे सालाचे. माणूस ‘दहा वर्षं चालवतोय’ म्हणतो आणि क्रमांकात २०२१ दिसतं, तेव्हा मी थांबतो. यात लपवण्यासारखं काही नाही. गावाकडे शेतात, बांधावर आधी चालवली असेल, तर तसं सांगा. ‘लायसन्स अमुक साली काढलं, रस्त्यावर तेव्हापासून’ हे उत्तर मला दहा वर्षांच्या फुगवलेल्या अनुभवापेक्षा जास्त पटतं. अपघात किंवा चलन झालं असेल तर तेही आपणहून सांगावं, कारण परिवहन खात्याच्या साइटवर लायसन्सची स्थिती आम्ही बघतोच.

आता रस्ते. पुण्यात मुलाखत आहे म्हणजे शहर पाठ असलंच पाहिजे असं नाही, हल्ली फोनवर नकाशा असतोच. मी तपासतो ते वेगळं. मी एक कागद पुढे करतो आणि पाच डिलिव्हऱ्या सांगतो. गाडी मार्केट यार्डातून सकाळी आठला भरून निघते. धनकवडीला एका घरी माल द्यायचाय, ते दहाच्या आत बोलावतात. अप्पा बळवंत चौकातलं दुकान साडेदहाला उघडतं. कोथरूडच्या सोसायटीत वॉचमन दुपारी एक ते चार कुणाला आत सोडत नाही. बाणेरचं ऑफिस पाचपर्यंत आहे. हडपसरचा गाळा सकाळी आठपासून कधीही घेतो. क्रम लावा.

बहुतेक जण जवळचं आधी, लांबचं नंतर असं लावतात. धनकवडी, मग पेठा, कोथरूड, बाणेर आणि शेवटी हडपसर. कागदावर बरं दिसतं, पण बाणेर उरकून साडेचारला निघालात की अख्खं शहर आडवं कापून हडपसरला जायचं, तेही कामावरून सुटलेल्या गर्दीत. मला आवडलेलं उत्तर एका मुलाने असं दिलं होतं: ‘हडपसर आठ वाजताच मोकळं करतो, नऊनंतर मगरपट्ट्याच्या चौकात अडकायला होतं. पण परत येऊन धनकवडी दहाच्या आत गाठणं घाईचं आहे, म्हणून निघण्याआधी त्यांना फोन करून विचारतो की साडेदहा चालेल का. नाही म्हणाले तर धनकवडी आधी, आणि हडपसरचं काय करायचं ते तुम्हाला विचारतो.’ क्रम बरोबर की चूक हा भाग नंतरचा. वेळेचं बंधन कुणाला आहे आणि कुणाला नाही हे त्याने आधी पाहिलं, आणि जिथे खात्री नव्हती तिथे फोन करणार होता. मला तेवढं पुरेसं होतं.

त्याच कागदावरून मी पुढचा प्रश्न विचारतो: गाडी कशी भराल? जे शेवटी उतरायचं ते आधी भरायचं. त्या मुलाच्या क्रमाने बाणेरचा माल केबिनला टेकून, त्यापुढे कोथरूड, मग पेठेतलं दुकान, मग धनकवडी, आणि हडपसरचा फाळक्याशी. पण बाणेरचं खोकं हलकं आणि हडपसरचं दोनशे किलोचं असेल तर? सगळं वजन मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं. मग जड माल शक्य तेवढा पुढे घ्यायचा आणि एखाद्या ठिकाणी दोन खोकी खाली-वर करावी लागली तरी चालवून घ्यायचं. ही अडचण उमेदवाराच्या स्वतःच्या लक्षात आली, तर समजायचं की याने खरोखर माल वाहिलाय.

पेठांतलं थोडं माहीत करून ठेवा, कारण नवख्याचा दिवस तिथेच फुकट जातो. बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे येतो, शिवाजी रस्ता स्वारगेटकडून वर जातो. म्हणजे धनकवडीकडून अप्पा बळवंत चौकात जायचं तर बाजीराव रस्त्याने सरळ घुसता येत नाही, शिवाजी रस्त्याने वर जाऊन वळसा घ्यावा लागतो. रस्त्याकडेला पी-१, पी-२ च्या पाट्या दिसतील, त्या सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या आहेत. चुकीच्या बाजूला टेम्पो लावला की माल उतरवेपर्यंत चलन आलेलं असतं. आणि गणपतीत, विशेषतः विसर्जनाच्या दिवशी, मध्यवर्ती रस्ते बंदच असतात. तेव्हाची डिलिव्हरी आदल्या दिवशी किंवा नंतर टाकायला आपणच ऑफिसला सुचवायचं.

सुरक्षेच्या सवयींबद्दल मात्र मी तोंडी फार विचारत नाही. ‘वेगमर्यादा पाळतो, सीटबेल्ट लावतो’ हे सगळेच म्हणतात. मी किल्ली देतो आणि मागून चालत जातो. चांगला ड्रायव्हर दार उघडण्याआधी गाडीला एक फेरी मारतो. टायरकडे बघतो, गाडीखाली तेलाचा डाग आहे का बघतो, फाळक्याची कडी ओढून पाहतो. बसल्यावर आरसे आपल्या उंचीला लावतो, ब्रेकचा पेडल एकदा दाबून बघतो, मग किल्ली फिरवतो. ही फेरी दोन मिनिटांची असते. मुलाखतीपुरती पाठ केलेली फेरी ओळखता येते, कारण असा माणूस टायरकडे बघतो पण टायर बघत नाही. मी कधीकधी मागच्या एका टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवतो. ज्याच्या ते लक्षात येतं त्याची निम्मी मुलाखत तिथेच झालेली असते.

मग रिव्हर्स. छोट्या टेम्पोने होणारे आमच्याकडचे बरेचसे अपघात महामार्गावरचे नसतात, सोसायटीच्या आत गाडी मागे घेताना होतात. टेम्पोच्या मागे बसलेलं दोन-तीन वर्षांचं मूल आरशात दिसत नाही. आमचा नियम साधा आहे: मागे घ्यायच्या आधी खाली उतरून मागे जाऊन बघायचं. हेल्पर असेल तर त्याला ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असं उभं करायचं, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी गाडी थांबवायची. ट्रायलमध्ये मी मुद्दाम आरशाबाहेर सरकतो. बरेच जण तशीच गाडी मागे घेत राहतात. तुम्ही थांबा.

एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतोच, तो नवले पुलाचा. बंगळूर महामार्गाने साताऱ्याकडून येताना नवीन कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार लागतो. तिथे किती अपघात झालेत ते पुण्यात कुणालाही विचारा. मी विचारतो, भरलेला टेम्पो तिथून कसा उतरवाल? ‘न्यूट्रलला टाकतो, डिझेल वाचतं’ असं अजूनही लोक सांगतात, आणि त्या उत्तरावर मी मुलाखत थांबवतो. न्यूट्रलला इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला लायनर पकड सोडतो. डिझेलचंही खरं नाही. आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधनच बंद होतं, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. त्याहून वाईट म्हणजे उतारावर इंजिन बंद करणं. मग ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि पेडल दगडासारखा कडक लागतो.

बरोबर उत्तर असं: उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा, साधारण ज्या गिअरमध्ये हा चढ चढलो असतो त्यात. वेग वाढायला लागला की ब्रेक थोडा जोरात दाबून वेग पाडायचा आणि पाय काढून घ्यायचा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेक गार होतो. पायाखाली सतत हलका ब्रेक ठेवून उतरायचं नाही. ब्रेक गेल्याची चाहूल कशी लागते, हेही मी विचारतो. जळका वास येतो, आणि पेडल दाबला तरी गाडी पूर्वीइतकी थांबत नाही, किंवा पेडल मऊ होऊन खोल जायला लागतो. तसं वाटलं तर एकेक गिअर खाली आणत डाव्या कडेला घ्यायचं, हँडब्रेक थोडा थोडा ओढायचा, झटक्याने नाही. थांबल्यावर अर्धा तास गाडी तशीच ठेवायची. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडा जातो. हे एवढं नीट सांगितलंत, तर पुढे सुरक्षेवर दुसरा प्रश्न येणार नाही.

फोनचा प्रश्न येईलच: गाडी चालवताना गिऱ्हाइकाचा फोन आला तर? वाजू द्यायचा, जागा मिळाली की कडेला घ्यायचं आणि उलटा फोन करायचा. ताशी ५० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, स्क्रीनकडे दोन सेकंद बघितलं तर २८ मीटर आंधळेपणाने गेलात. गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं.

गिऱ्हाइकाच्या भागात मी स्वतः गिऱ्हाईक होतो. प्रसंग नेहमी एकच देतो, कारण तो आठवड्यातून एकदा तरी घडतोच. वॉशिंग मशीन पोचवायचंय, चौथा मजला, लिफ्ट बंद. मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर ‘तळमजल्यापर्यंत’ लिहिलंय. मी मुद्दाम आवाज चढवतो, ‘पैसे दिलेत पूर्ण. वर नेऊन ठेवा, नाहीतर तक्रार करतो.’

एकाने मला इथे उत्तर दिलं होतं, ‘काका, आमच्यात तसं नसतं.’ यात नकार आहे, पण पुढचा रस्ता नाही, आणि आवाज आणखी चढतो. दुसऱ्याने सांगितलं, ‘दोनशे रुपये द्या, नेतो वर.’ हे तर नोकरीवर बेतणारं आहे. जिन्यात मशीन निसटलं, कोपरा चेपला किंवा हेल्परच्या पायावर आलं, तर ते भरून कोण देणार? कंपनी म्हणेल, आम्ही वर न्यायला सांगितलंच नव्हतं. विमाही अशा वेळी उभा राहत नाही.

ज्याला मी घेतलं त्याने चलन खिशातून काढलं, माझ्यासमोर धरलं आणि हळू आवाजात म्हणाला, ‘काका, यावर तळमजला लिहिलाय, हे बघा. तुमची अडचण खरी आहे, चार मजले आहेत. मी तुमच्यासमोरच ऑफिसला फोन लावतो, ते सांगतील तसं करू.’ त्याने भांडण माणसामाणसातून काढून कागदावर नेलं, आणि निर्णय ज्याने घ्यायचा त्याच्याकडे सोपवला. आता तीनच गोष्टी होऊ शकतात. ऑफिस जादा मजुरी ठरवून वर न्यायला सांगेल, म्हणजे जबाबदारी त्यांची. गिऱ्हाईक तळमजल्यावर घ्यायला तयार होईल, मग पोचवर सही आणि वेळ घ्यायची. नाहीतर माल परत जाईल, तेव्हा पोचवर कारण लिहायचं, ‘गिऱ्हाइकाने चौथ्या मजल्यावर मागितलं, चलनावर तळमजला, माल परत’, आणि गिऱ्हाईक सही देत नसेल तर तसंही लिहून फोटो काढायचा.

खोकं फाटलेलं किंवा ओलं निघालं तरी रीत हीच. ‘आत काही झालं नसेल’ असं आपण म्हणायचं नाही, कारण आत काय झालंय ते आपल्याला माहीत नसतं. पोचवर शेरा लिहायचा, ‘खोकं बाहेरून ओलं, आत तपासलं नाही’, गिऱ्हाइकाच्या आणि आपल्या सहीसकट. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी असा शेरा न लिहिता सही घेतली होती. टीव्हीची काच आतून तडकलेली निघाली, आणि तीन महिन्यांच्या पगारातून ते पैसे कापले गेले. गाडीत चढण्याआधीच खोकं ओलं होतं हे मला माहीत होतं, पण कागदावर कुठेच नव्हतं. म्हणून माल भरताना गोदामातच खोकी बघून घ्या आणि तिथल्या तिथे शेरा मारून घ्या.

शिवीगाळ झाली, अंगावर धावून आलं, तर माल आणि कागद घेऊन खाली यायचं, गाडीत बसून दार लावायचं आणि मग फोन करायचा. तिथे उभं राहून आपलं म्हणणं पटवत बसायचं नाही. रोख पैसे असतील तर त्यांच्यासमोर दोनदा मोजायचे, पाकिटात टाकल्यावर ‘पन्नास कमी आहेत’ म्हणून उपयोग नाही.

शेवटी ते विचारतील, ‘तुमचे काही प्रश्न?’ इथे पगारावरच थांबू नका. चलन आलं तर कोण भरतं, आणि जादा माल गाडीत भरला म्हणून आलं तर कोण, हे विचारा. छोट्या टेम्पोत पाऊण टनाच्या आसपासच माल बसतो, आणि ओव्हरलोडचं चलन पोलिसांसमोर ड्रायव्हरच्या हातात येतं. कामाचे तास विचारा. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता, पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक संस्थेला तो लागू व्हायचा, आणि त्यात दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तास होते. प्रश्न शांतपणे विचारलात तर कुणी बरा मालक चिडत नाही.

आणि तुम्हाला देणार असलेली गाडी बघायला मागा. विमा, फिटनेस आणि पीयूसीच्या तारखा तिथेच बघून घ्या. तुमच्या लायसन्सची तारीख त्यांनी बघितली, तशीच गाडीची तुम्ही बघायची. फिटनेस संपलेला निघाला तर ‘नूतनीकरण झालं की त्या दिवसापासून येतो’ म्हणा, आणि तोवर किल्ली घेऊ नका.